वर्गात उत्तरं कोण देतं? मुलगे-मुलींच्या सहभागावर छोटा अभ्यास कसा आखायचा

बी.एड.च्या इंटर्नशिपला गेलं की कृतिसंशोधनासाठी विषय शोधायची धावपळ सुरू होते आणि त्यात दरवर्षी कोणीतरी हा विषय घेतंच, "इयत्ता आठवीच्या वर्गातील मुला-मुलींच्या सहभागाचा अभ्यास". विषय चांगला आहे, पैसे लागत नाहीत, शाळेत आपण बसलेलोच असतो. पण बहुतेक वेळा काय होतं तर दोन-तीन तास मागच्या बाकावर बसून मुलग्यांनी इतकी उत्तरं दिली आणि मुलींनी इतकी अशा रेघा ओढल्या जातात, टक्केवारी निघते, "मुली लाजतात" असा निष्कर्ष लिहिला जातो आणि बाइंडिंग होतं. या रेघांमधून तो निष्कर्ष निघतच नाही. मी हा अभ्यास आधी बी.एड.ला केला, मग एम.एड.ला जास्त नीट केला, आणि आता ज्युनियर मुलींच्या शीट्स तपासते, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वर्गात एखाद्याचं उत्तर ऐकू येतं ते तीन वाटांनी. एक, हात वर केला आणि शिक्षकांनी निवडलं. दोन, हात नव्हताच पण शिक्षकांनी नाव घेऊन उभं केलं. तीन, कोणी विचारायच्या आत जागेवरूनच उत्तर ओरडून दिलं आणि शिक्षकांनी ते चालवून घेतलं. या तीन वाटा वेगळ्या मोजल्या नाहीत तर फरक दिसला तरी तो कुठून आला हे कधीच कळणार नाही, आणि उपाय तर अजिबातच सुचणार नाही.

## १. आधी प्रश्न बारीक करा

"वर्गातील लिंगभाव" हा प्रश्न नाही, तो फार मोठा विषय आहे. तुमच्या हातात एक वर्ग, एक-दोन विषय आणि काही आठवडे आहेत, तर प्रश्न तेवढाच ठेवा. उदाहरणार्थ, "आठवी ब च्या गणिताच्या तासाला, शिक्षकांनी पूर्ण वर्गाला विचारलेल्या प्रश्नांना एकेकट्याने दिलेली उत्तरं मुलगे आणि मुली यांच्यात कशी वाटली जातात, आणि ती कोणत्या वाटेने येतात?"

यावर आधी बरंच काम झालंय, त्यातलं थोडं वाचाच. अमेरिकेत सारा एडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कॉलेजच्या सुरुवातीच्या जीवशास्त्राच्या वर्गांचा अभ्यास छापला, तिथे विद्यार्थ्यांमध्ये मुली साधारण ६० टक्के होत्या पण शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या आवाजांत त्यांचा वाटा ४० टक्क्यांहूनही कमी निघाला. म्हणजे मुली संख्येने जास्त असल्या की आपोआप जास्त बोलतात असं नाही. पण तो वेगळा देश, कॉलेजचं वय, मोठे हॉल, त्यामुळे "तिकडे असं निघालं म्हणून इकडेही असणार" असं परिकल्पनेत लिहू नका. शून्य परिकल्पना साधीच ठेवा, उत्तरांच्या संख्येत मुलगे-मुली असा फरक नाही.

बी.एड.ला फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत सगळ्यांनाच असते त्यामुळे मोह होतो तीच वापरायचा. तिच्यात दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहायचा असतो, ४ म्हणजे शिक्षकांचा प्रश्न, ८ म्हणजे विद्यार्थ्याचा प्रतिसाद, ९ म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःहून बोलणं. पण ८ लिहिताना *कोण* बोललं हे कुठेच येत नाही, मग ती आपल्या कामाची नाही. ब्रोफी आणि गुड यांनी १९७० च्या सुमारास जी पद्धत बनवली ती याच्यासाठी जवळची आहे, कारण तिच्यात शिक्षक आणि एकेक विद्यार्थी यांच्यातला प्रत्येक संवाद वेगळा नोंदवतात आणि ओरडून दिलेल्या उत्तराला स्वतंत्र खाना असतो. खाली दिलेली शीट साधारण त्याच विचाराची आहे, फक्त एका माणसाला झेपेल इतकी लहान केलेली.

## २. परवानगी आणि कागद

हे लागतं:

- मुख्याध्यापकांना अर्ज, त्यावर तुमच्या मार्गदर्शकांची सही आणि कॉलेजचा शिक्का
- ज्यांच्या तासाला बसणार त्या विषयशिक्षकांची लेखी संमती
- वर्गाचा बसण्याचा आराखडा, स्वतः काढलेला
- हजेरीवरून एकूण मुलगे आणि मुली, आणि *रोजची* उपस्थिती
- निरीक्षण शीटच्या झेरॉक्स, घड्याळ, पॅड, दोन पेन

व्हिडिओ काढायचा विचार करू नका. मुलं लहान आहेत, प्रत्येक पालकाची संमती घ्यावी लागेल, आणि कॅमेरा लागला की शिक्षक वेगळेच शिकवतात. शीटवर मुलांची नावंही लिहायची नाहीत, जागेचा कोड पुरतो.

विषयशिक्षकांना किती सांगायचं हा अवघड भाग आहे. "मुलामुलींना तुम्ही सारखं विचारता का ते बघायला आलेय" असं सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून सर आठवणीने मुलींना उभं करायला लागतील आणि तुम्ही जे बघायला आलात ते संपलंच. पण खोटंही सांगायचं नाही. मी असं सुचवेन की "वर्गातल्या प्रश्नोत्तरांत कोण कसं भाग घेतं याच्या नोंदी घेतेय, नेमकं काय बघतेय ते नोंदी संपल्यावर सविस्तर सांगेन, तेव्हा तुम्हाला नको वाटलं तर तुमच्या तासाचा डेटा मी वापरणार नाही". मुख्याध्यापक आणि मार्गदर्शक यांना मात्र पूर्ण उद्देश आधीच माहीत हवा. आणि शेवटी खरंच सांगायचं, विसरायचं नाही.

मुलगा की मुलगी हे हजेरीवरून घ्या, चेहरा-कपडे बघून अंदाज करू नका, आणि कोणालाही उठवून विचारू नका.

## ३. प्रश्न कशाला म्हणायचं, उत्तर कशाला म्हणायचं

प्रबंधात ज्याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात ती इथे लिहायची, आणि ती पहिल्या तासाच्या *आधी* लिहून काढायची. आपल्या वर्गांत सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न "समजलं का?" हा असतो आणि त्याचं उत्तर "होऽऽऽ" असं सगळा वर्ग देतो. हा प्रश्न धरायचा नाही. "म्हणजे काय झालं, दोन्ही बाजू काय झाल्या… सारख्या" असं सर स्वतःच विचारून स्वतःच सांगतात तेही धरायचं नाही.

धरायचं ते एवढंच की शिक्षकांनी विषयाशी संबंधित प्रश्न वर्गाला विचारला आणि त्यावर कोणाचं तरी उत्तर आलं. तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारला तर प्रश्न एकच, पण उत्तर देणारा बदलला तर नवी ओळ. पहिल्याला आलं नाही म्हणून दुसऱ्याला विचारलं तर दोन ओळी. चुकीचं उत्तर हेही उत्तरच, कारण आपण सहभाग मोजतोय, हुशारी नाही.

सामूहिक उत्तरं वेगळी ठेवा. काही तासांना निम्म्याहून जास्त उत्तरं सगळ्यांची एकदम असतात, आणि त्यात "मुलींचा आवाज जास्त होता" असं काहीतरी लिहायचा मोह होतो, तो टाळा, ते कानाने मोजता येत नाही. फक्त "स" लिहायचं आणि पुढे जायचं. शेवटी एकूण प्रश्नांतले किती "स" होते ते सांगायचं, कारण जिथे जवळजवळ सगळंच सामूहिक असतं तिथे एकेकट्याच्या उत्तरांवर फार काही बोलता येत नाही, आणि असा तास या अभ्यासाला निवडूच नये.

## ४. शीट

खूप रकाने करू नका. तासाला प्रश्न भराभर येतात आणि ज्युनियर मुली माझ्याकडे तपासायला आणतात त्या बारा-बारा रकान्यांच्या शीट्स दहाव्या मिनिटापासून रिकाम्या असतात. पाच रकाने पुरतात:

१. प्रश्न क्रमांक
२. किती हात वर होते, मुलगे / मुली
३. वाट: ह (हात वर, निवडलं), थ (थेट नाव घेतलं), ओ (ओरडून), स (सामूहिक)
४. उत्तर देणाऱ्याच्या जागेचा कोड
५. प्रश्न सोपा (आठवून सांगायचा) की विचाराचा, सो / वि

चौथ्या रकान्यात "मुलगा" किंवा "मुलगी" लिहायचं नाही, जागाच लिहायची. रांग ३, बाक २, डावीकडे म्हणजे ३२ड. कोण मुलगा कोण मुलगी हे घरी आल्यावर आराखड्यावरून भरायचं. याचे दोन फायदे, एक तर लिहिताना मनात "आत्तापर्यंत मुली कमीच झाल्यात" असा हिशोब चालू राहत नाही, आणि दुसरा जास्त महत्त्वाचा म्हणजे एकेका विद्यार्थ्याची किती उत्तरं झाली हे नंतर काढता येतं. हे काढता आलं नाही तर सातव्या पायरीला तुम्ही अडकणार.

हात मोजायचा क्षण एकच ठेवा, शिक्षक कोणाचं तरी नाव घेतात किंवा बोट दाखवतात तो क्षण. नाव घेतल्यावर बाकीचे हात खाली जातात, आणि प्रश्न विचारल्या विचारल्या हात अजून वर आलेले नसतात. हातांची मोजणी फक्त "ह" वाल्या प्रश्नांनाच करायची.

आराखडा रोज तपासा. मुलं जागा बदलतात, कोणी गैरहजर असलं की मैत्रीण पुढच्या बाकावर येते, आठवीत स्कॉलरशिपच्या वर्गाला काही जण मधूनच उठून जातात. तास सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं उभं राहून आराखड्यावर खुणा करायच्या.

## ५. कुठे बसायचं आणि जोडीदार का हवा

मागच्या बाकावर बसू नका. मागून हात दिसतात पण कोण बोललं ते कळत नाही, खासकरून ओरडून आलेलं उत्तर. फळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ वगैरे, मुलांचे चेहरे दिसतील अशी खुर्ची घ्या. पहिले दोन तास मुलं तुमच्याकडेच बघत असतात आणि शिक्षकही जरा सावरून शिकवतात, ते तास सरावाचे धरा आणि मोजणीत घेऊ नका.

चाळीस मुलांचे हात एका क्षणात एकट्याने मोजणं खरंच कठीण आहे, त्यामुळे दुसरी छात्राध्यापिका सोबत घ्या. पण इथे एक मोठा सापळा आहे. "तू मुली मोज, मी मुलगे मोजतो" अशी वाटणी करू नका. दोघांपैकी एकाची नजर मंद असेल तर ती मंद नजर थेट मुलगे-मुली फरक म्हणून डेटात उतरते आणि नंतर कुठल्याच गणिताने निघत नाही. वर्ग पुढचा अर्धा-मागचा अर्धा असा वाटून घ्या, दोघांनीही आपल्या भागातले मुलगे आणि मुली मोजायच्या, आणि दर तासाला भाग बदलायचे.

आधी एक तास दोघांनी सगळा वर्ग स्वतंत्रपणे नोंदवून बघा आणि मग ओळीला ओळ लावून जुळवा. नुसत्या बेरजा जुळवून उपयोग नाही, तुमच्याही २० ओळी "ओ" आणि तिच्याही २० ओळी "ओ" असं निघू शकतं पण त्या वेगळ्याच प्रश्नांच्या असतात. ५० प्रश्नांपैकी वाट आणि जागा दोन्ही ४२-४३ ठिकाणी जुळली तर पुढे जायला हरकत नाही, त्याहून कमी जुळलं तर कुठे फाटतंय ते बसून बोला. बहुतेक वेळा "ह" आणि "ओ" च्या मध्ये फाटतं, मुलगा हात वर करता करताच उत्तर ओरडतो, तेव्हा काय लिहायचं? आम्ही ठरवलं होतं की नाव घ्यायच्या आधी उत्तर आलं तर "ओ", हात वर असला तरी. तुम्ही वेगळं ठरवा, पण लिहून ठेवा.

## ६. किती तास, कोणते तास

एका शिक्षकांचे, एका विषयाचे, एकाच वर्गाचे साधारण आठ तास घ्या. चार शिक्षकांचे दोन-दोन तास घेतले तर शिक्षकांतला फरक आणि मुलगे-मुली फरक एकमेकांत मिसळतात. परीक्षेच्या आधीच्या उजळणीचे तास, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसमुळे अर्धा वर्ग रिकामा असलेले तास, आणि दुसऱ्या सरांनी घेतलेले ऑफ तास मोजायचे नाहीत. हे मोजायचे नाहीत असं आधीच लिहून ठेवा, डेटा बघितल्यावर नको.

बसण्याची बाजूही बघून घ्या. आपल्याकडे मुली एका बाजूला आणि मुलगे दुसऱ्या बाजूला अशीच पद्धत असते, आणि शिक्षक टेबलाच्या एका बाजूला उभे राहून शिकवत असतील तर जवळच्या रांगांना जास्त विचारलं जातं. मग दिसलेला फरक मुलगा-मुलगी म्हणून आहे की जवळ-लांब म्हणून, हे सांगता येत नाही. शिक्षक तयार असतील तर चार तासांनंतर दोन्ही बाजूंची अदलाबदल करा, नाहीतर निदान मर्यादांमध्ये स्पष्ट लिहा.

## ७. आकडे कसे वाचायचे, एक पूर्ण उदाहरण

हे आकडे मी समजावण्यासाठी रचलेत, कुठल्या शाळेचे नाहीत. समजा वर्गात ४० जण, २२ मुलगे आणि १८ मुली, आठही तास तेच हजर (प्रत्यक्षात असं होत नाही, मग रोजच्या उपस्थितीने हिशोब करायचा). सामूहिक सोडून १२० उत्तरं नोंदली गेली, मुलग्यांची ७८, मुलींची ४२.

पहिली चूक इथेच होते, ७८ विरुद्ध ४२ म्हणजे जवळजवळ दुप्पट असं लिहिलं जातं. वर्गात मुलगे ५५ टक्के आहेत, म्हणजे सगळं सारखं वाटलं असतं तरी १२० पैकी ६६ उत्तरं मुलग्यांची आणि ५४ मुलींची आलीच असती. तर तुलना ७८ ची ६६ शी आणि ४२ ची ५४ शी. फरक १२ उत्तरांचा.

मग सगळे काय-स्क्वेअर लावतात. १२ चा वर्ग १४४, भागिले ६६ आणि भागिले ५४, बेरीज साधारण ४.८५ येते, तक्त्यातला आकडा ३.८४, म्हणजे फरक सार्थ, शून्य परिकल्पनेचा त्याग. बाइंडिंगला द्या.

थांबा. काय-स्क्वेअर असं धरून चालतो की ही १२० उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, जणू १२० वेगवेगळे लोक बोललेत. पण जागेच्या कोडवरून एकेकाची उत्तरं काढली आणि असं दिसलं की तीन मुलग्यांनीच १४, १२ आणि १० अशी मिळून ३६ उत्तरं दिलीत? म्हणजे ७८ मधली जवळजवळ निम्मी तिघांची. उरलेल्या १९ मुलग्यांपैकी आठ जण आठ तासांत एकदाही बोलले नाहीत. मुलींमध्येही तसंच, नऊ जणी बोलल्या, नऊ जणी एकदाही नाही. आता "मुलगे जास्त बोलतात" हे वाक्य बरोबर आहे की "या वर्गात तीन जण खूप बोलतात आणि ते मुलगे आहेत" हे?

हे तपासायला मोठं संख्याशास्त्र लागत नाही. ४० चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एका विद्यार्थ्याच्या उत्तरांची संख्या लिहा, शून्यवाल्यांच्या चिठ्ठ्यासुद्धा. मुलगा-मुलगी काही लिहू नका. चांगल्या मिसळा, २२ उचला, त्यांची बेरीज करा. ही झाली "मुलग्यांची" बेरीज, फक्त चिठ्ठ्यांनी ठरवलेली. असं शंभरदा करा आणि बघा की किती वेळा बेरीज ६६ पासून १२ किंवा जास्त लांब जाते, वर किंवा खाली. शंभरदा चिठ्ठ्या उचलायचा कंटाळा आला तर कॉम्प्युटरवर हे चालवा:

```python
import random
c = [14,12,10,7,6,5,5,4,4,3,3,2,2,1] + [0]*8
c += [9,7,5,5,4,4,3,3,2] + [0]*9
hits = 0
for i in range(10000):
    random.shuffle(c)
    if abs(sum(c[:22]) - 66) >= 12:
        hits += 1
print(hits / 10000)
```

पहिल्या ओळीत २२ मुलग्यांचे आकडे आहेत, दुसरीत १८ मुलींचे. उत्तर ०.३ च्या आसपास येतं. म्हणजे मुलगा-मुलगी हा काही संबंधच नसता तरी एवढा फरक दहातून तीनदा नुसता योगायोगाने दिसला असता. तोच डेटा, काय-स्क्वेअर म्हणतो सार्थ, चिठ्ठ्या म्हणतात खात्री नाही, आणि इथे चिठ्ठ्यांचंच ऐकायचं कारण आपला नमुना १२० उत्तरांचा नाही, ४० विद्यार्थ्यांचा आहे. मार्गदर्शकांनी काय-स्क्वेअर पाहिजेच म्हटलं तर दोन्ही द्या आणि दोन्हींत फरक का पडला ते एका परिच्छेदात लिहा.

फक्त ते तीन मुलगे काढून टाकून "बघा आता समान झालं" असंही करू नका, एका बाजूचेच बोलके काढले तर ते होणारच. दोन्हीकडचे तीन-तीन काढून बघितलं तर मुलगे सरासरी २.२ आणि मुली १.४ असं राहतं, म्हणजे थोडा फरक उरतोच. हे सगळं लिहायचं.

## ८. आता वाटा वेगळ्या करा

मला या अभ्यासात सगळ्यात जास्त महत्त्वाचं हे वाटतं. त्याच १२० उत्तरांची वाटणी समजा अशी निघाली: हात वर करून निवडलेली ६०, त्यात मुलगे ३२ मुली २८. थेट नाव घेऊन २०, त्यात मुलगे १२ मुली ८. ओरडून आलेली ४०, त्यात मुलगे ३४ आणि मुली फक्त ६.

हातांची मोजणी बघा, त्या ६० प्रश्नांना मिळून मुलग्यांचे २४० हात वर होते आणि मुलींचे २१०. माणशी काढलं तर मुलगे साधारण ११, मुली जवळजवळ १२. म्हणजे मुली हात वर करतात, मुलग्यांपेक्षा किंचित जास्तच. आणि निवड? २४० पैकी ३२ म्हणजे १३ टक्के, २१० पैकी २८ म्हणजेही १३ टक्के. सर हात बघून निवडताना अजिबात पक्षपात करत नाहीत. थेट नावं घेण्यातही मुलग्यांचा वाटा त्यांच्या संख्येपेक्षा एकानेच जास्त आहे, २० पैकी ११ अपेक्षित होते, १२ झाले.

सगळा फरक ओरडण्यात आहे. "मुली लाजतात" हे या वर्गाबद्दल चूक ठरलं आणि "सर मुलांनाच विचारतात" हेही. खरी गोष्ट अशी की वर्गात हात वर करायचा नियम आहे, मुली तो पाळतात, आणि नियम मोडून दिलेलं उत्तर फळ्यावर लिहिलं जातं. अर्थात इथेही मागची अडचण आहेच, ३४ मधली किती त्याच तीन जणांची हे जागेच्या कोडवरून काढायचं आणि चिठ्ठ्या पुन्हा करायच्या.

दुसऱ्या एखाद्या वर्गात चित्र उलटं निघेल, मुलींचे हातच कमी असतील, किंवा हात सारखे पण निवड एकीकडे झुकलेली असेल, किंवा सोप्या प्रश्नांना सगळे सारखे आणि विचाराच्या प्रश्नांना मात्र फरक. म्हणून पाचवा रकाना.

## ९. कृतिसंशोधन करायचं असेल तर पुढची पायरी

उपाय हा आठव्या पायरीत जी वाट सापडली तिच्यावरच हवा. ओरडण्यात फरक असेल तर "मुलींना प्रोत्साहन देणे" हा उपाय चुकीच्या ठिकाणी लावलेला होईल, कारण त्या हात वर करतच आहेत. तिथे उपाय असा की ओरडून आलेलं उत्तर स्वीकारायचं नाही, आणि प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबून मगच कोणाला तरी निवडायचं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की जास्त मुलं उत्तर द्यायला पुढे येतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही वाटत पण वर्गासमोर उभं राहून गप्प थांबायला फार लांब वाटतात, मनात "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजायला सांगा.

हातच कमी येत असतील तर हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवून काढणं बरं. त्यात मात्र एक बघा, चिठ्ठी आधी काढून मग प्रश्न विचारायचा नाही, आधी प्रश्न, मग थांबणं, मग चिठ्ठी, नाहीतर बाकीचे ३९ विचार करायचं सोडून देतात. आणि ज्याला येत नाही त्याला "पुढचा" म्हणायची मोकळीक द्या.

चार तास नेहमीसारखे आणि मग चार तास उपायाचे अशी मांडणी करू नका, मधे धडा बदलतो, समीकरणं संपून भूमिती सुरू होते आणि फरक कशाने पडला कळत नाही. त्यापेक्षा दोन तास नेहमीचे, दोन उपायाचे, पुन्हा दोन नेहमीचे, पुन्हा दोन उपायाचे. उपाय काढला की जुनं चित्र परत आलं तर तुमच्या म्हणण्याला जोर येतो. परत आलं नाही तर कदाचित मुलांना नवी सवय लागली असेल, ते चांगलंच आहे, पण मग उपायामुळेच झालं हे ठामपणे लिहिता येत नाही.

तुम्ही स्वतःच शिकवत असाल तर नेहमीचे आणि उपायाचे, सगळेच तास जोडीदाराने मोजायचे.

## १०. अहवाल लिहिताना

निष्कर्षात "मुली" आणि "मुलगे" असे शब्द एकटे लिहू नका, "या वर्गातल्या, या विषयाच्या तासाला" हे प्रत्येक वेळी जोडा. एकदाही न बोललेल्यांची संख्या द्या, मुलगे ८ आणि मुली ९, ती सरासरीत लपते आणि मुख्याध्यापकांना तीच सगळ्यात जास्त जाणून घ्यायची असते. गप्प बसणारा लक्ष देत नाही असं मात्र लिहू नका, ते तुम्ही मोजलेलंच नाही.

विषयशिक्षकांना तुमची शीट दाखवायला जाल तेव्हा एकूण ७८-४२ पासून सुरुवात करू नका, त्यांना तो आरोप वाटेल आणि तसा तो आहेही अर्धवट. हातांचा तक्ता आधी ठेवा, २४० पैकी ३२ आणि २१० पैकी २८, मग ओरडण्याचा. आणि तो ठेवल्यावर त्यांनाच विचारा की हे तीन मुलगे कोण असतील. जागेचे कोड न बघताच ते नावं सांगतात, आणि मग पुढचा तास कसा घ्यायचा यावरचं बोलणं तिथूनच सुरू होतं.